'आय यूज्ड टू वर्क अ‍ॅट नाइट' म्हटलं आणि नाइट शिफ्टची नोकरी हातची गेली! 'यूज्ड टू'चा घोळ नेमका होतो कुठे?

समजा, नाइट शिफ्टच्या नोकरीसाठी इंटरव्ह्यू चालू आहे. समोरचा विचारतो, रात्री जागून काम करायला जमेल का? उमेदवाराला सांगायचं असतं, की मला रात्रीच्या कामाची सवय आहे, काही अडचण नाही. तो आत्मविश्वासाने म्हणतो, 'येस सर, आय यूज्ड टू वर्क अ‍ॅट नाइट.'

समोरच्याने ऐकलं ते असं: 'हो सर, मी पूर्वी रात्री काम करायचो.' म्हणजे आता करत नाही. का सोडलं असेल? तब्येत? घरची अडचण? उमेदवाराला जे सांगायचं होतं त्याच्या जवळपास उलटंच सांगून झालंय आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. त्याला म्हणायचं होतं, 'आय अ‍ॅम यूज्ड टू वर्किंग अ‍ॅट नाइट.' फरक किती? एक 'अ‍ॅम' आणि एक 'इंग'.

हाच फरक परीक्षेत वाक्यं बदलायला देऊन तपासला जातो. आपल्याकडे बोर्डाच्या पेपरात 'डू अ‍ॅज डायरेक्टेड' असतं, तसा केंब्रिजच्या 'बी टू फर्स्ट' या परीक्षेत 'की वर्ड ट्रान्सफॉर्मेशन' नावाचा भाग असतो. एक वाक्य दिलेलं असतं, खाली ठळक अक्षरात एक शब्द असतो आणि त्याखाली गाळलेली जागा असलेलं दुसरं वाक्य. दिलेला शब्द जसाच्या तसा वापरायचा, दोन ते पाच शब्दांत जागा भरायची आणि अर्थ पहिल्या वाक्याचाच राहिला पाहिजे. अशी सहा वाक्यं, प्रत्येकाला दोन गुण. 'यूज्ड' हा शब्द इथे फार सोयीचा, कारण त्याच एका शब्दाभोवती तीन वेगवेगळ्या रचना उभ्या राहतात आणि विद्यार्थ्याला नेमकी कोणती हवी ते ओळखावं लागतं.

कानाला फरक कळत नाही

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी, की या गोंधळात विद्यार्थ्याचा दोष थोडाच आहे. 'आय यूज्ड टू' म्हणा किंवा 'आय अ‍ॅम यूज्ड टू' म्हणा, इंग्रजी बोलणारे दोन्हीकडे 'यूस्टू' असाच उच्चार करतात. स्पेलिंग तेच, उच्चार तोच. त्यातून 'अ‍ॅम' किंवा 'इज' भरभर बोलताना इतकं बारीक होतं, की कानातून निसटून जातं. सिनेमे आणि सीरिज बघून इंग्रजी शिकणाऱ्यांना म्हणूनच ही जोडी एकच वाटते.

आतून मात्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्या रचनेत 'यूज्ड' हे क्रियापद आहे आणि 'टू' पुढच्या क्रियापदाचं आहे: 'यूज्ड' + 'टू वर्क'. दुसऱ्या रचनेत 'यूज्ड' हे विशेषण आहे, 'हॅपी' किंवा 'टायर्ड'सारखं. त्याचा अर्थ 'सरावलेला'. आणि तिथला 'टू' हा आपल्या विभक्तीच्या प्रत्ययाचं काम करतो. कशाला सरावलेला? गर्दीला. थंडीला. 'आय अ‍ॅम यूज्ड टू द क्राउड.' 'शी इज यूज्ड टू द कोल्ड.' इथे 'टू'च्या पुढे सरळ नाम आलं आणि वाक्य पूर्ण झालं.

मग त्या जागी क्रियापद टाकायचं असेल तर? त्याला आधी नामाचं रूप द्यावं लागतं. 'वर्क'चं 'वर्किंग' होतं ते यासाठी. यात परकं असं काही नाही, मराठी नेमकं हेच करते. 'मला एकटं राहतो सवय आहे' असं कुणी म्हणत नाही. आपण 'राहणं' हे नाम करतो, त्याला प्रत्यय लावतो आणि म्हणतो, 'मला एकटं राहण्याची सवय आहे'. इंग्रजीतला 'इंग' म्हणजे आपलं 'णं' आणि 'टू' म्हणजे आपला 'ची'. हे एकदा डोक्यात बसलं, की 'आय अ‍ॅम यूज्ड टू लिव्ह अलोन' हे वाक्य 'एकटं राहतो सवय' इतकंच खटकायला लागतं. (ऑफिसच्या ईमेलमध्ये रोज चुकणारं 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' याच कारणाने चूक आहे. तिथलाही 'टू' याच जातीचा, म्हणून 'मीटिंग यू'.)

शंका आली तर एक सोपी चाचणी आहे. 'टू'नंतर नुसतं 'इट' ठेवून बघायचं. 'आय अ‍ॅम यूज्ड टू इट' छान चालतं, मला त्याची सवय आहे. 'आय यूज्ड टू इट' अर्धवट वाटतं. जिथे 'इट' बसतं, तिथे क्रियापदाला 'इंग' लागणार.

'सवय' या शब्दाने केलेला घात

इथपर्यंतचा नियम बहुतेक क्लासमध्ये शिकवतात. तरीही मराठी मुलं चुकतात आणि त्याचं कारण इंग्रजीत नाही, आपल्याच 'सवय' या शब्दात आहे. शिक्षक सांगतात, 'यूज्ड टू' म्हणजे पूर्वीची सवय आणि 'बी यूज्ड टू' म्हणजे आताची सवय. ऐकायला सुटसुटीत, पण बरंचसं नुकसान याच वाक्याने होतं.

मराठीत 'सवय' दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतात. 'आजोबांना रोज संध्याकाळी फिरायला जायची सवय होती' यातली सवय म्हणजे नित्यक्रम. ते जायचे, बस. जाणं सोपं होतं की अवघड, हा मुद्दाच नाही. उलट 'मुंबईकराला लोकलच्या गर्दीची सवय असते' यातली सवय म्हणजे त्या गोष्टीचा त्रास किंवा नवल वाटेनासं होणं. अंगवळणी पडणं. गर्दीत रोज चेंगरून जायची त्याला हौस नसते.

इंग्रजी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. नित्यक्रम, तोही संपलेला, 'यूज्ड टू'कडे जातो: 'ग्रँडफादर यूज्ड टू गो फॉर अ वॉक.' अंगवळणी पडणं 'बी यूज्ड टू'कडे जातं: 'मुंबईकर्स आर यूज्ड टू द क्राउड.' आजोबांच्या वाक्याचं भाषांतर कुणी 'ग्रँडफादर वॉज यूज्ड टू गोइंग फॉर अ वॉक' असं केलं, तर व्याकरण बरोबर, पण अर्थ सरकतो. फिरायला जाणं हे काहीतरी कष्टाचं होतं आणि आजोबा त्याला सरावले होते, असा वास त्याला येतो.

म्हणून मराठी वाक्यात 'सवय' दिसली की लगेच 'बी यूज्ड टू' लिहायचं नाही. आधी 'सवय' काढून टाकायची आणि वाक्य दुसऱ्या शब्दांत म्हणून बघायचं. 'जायचे, करायचा, राहायची' असं म्हणता आलं तर 'यूज्ड टू'. 'त्याचं काही वाटत नाही' असं म्हणता आलं तर 'बी यूज्ड टू'. आणि दोन्ही जमत नसेल तर बहुतेक तिसरंच काही आहे. 'त्याला तंबाखूची सवय लागली' याला 'गॉट यूज्ड टू टोबॅको' म्हटलं, तर तंबाखूचा वास आता त्याला सोसवतो एवढंच समोरच्याला कळेल. ते व्यसन आहे आणि त्यासाठी इंग्रजीत वेगळे शब्द आहेत.

आताच्या रोजच्या सवयीचं काय? 'मी रोज सहाला उठतो' यासाठी 'आय यूज टू वेक अप अ‍ॅट सिक्स' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत 'यूज' हे क्रियापद वर्तमानकाळातही या अर्थाने चालायचं. नंतर तो वापर मागे पडला आणि फक्त भूतकाळाचं रूप उरलं. आजच्या इंग्रजीत रोज उठण्यासाठी साधं 'आय वेक अप अ‍ॅट सिक्स' किंवा फार तर 'आय यूज्वली वेक अप अ‍ॅट सिक्स' म्हणायचं.

असणं आणि होणं

'बी' आणि 'गेट' यांच्यातला फरक मराठी माणसाला मुळात अवघड जायला नको, कारण तो आपल्याकडे जसाच्या तसा आहे. 'बी' म्हणजे असणं, 'गेट' म्हणजे होणं. 'थंडीची सवय आहे' ही स्थिती झाली. 'थंडीची सवय होतेय' हा प्रवास झाला.

पुण्यात स्कूटर चालवत मोठा झालेला मुलगा न्यू जर्सीला गेला, असं धरू. भारतात गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतात, अमेरिकेत उजव्या. पहिल्या आठवड्यात तो म्हणेल, 'आय अ‍ॅम नॉट यूज्ड टू ड्रायव्हिंग ऑन द राइट', अजून सवय नाही. महिन्याभराने म्हणेल, 'आय अ‍ॅम गेटिंग यूज्ड टू इट', होतेय हळूहळू. वर्षाने म्हणेल, 'आय अ‍ॅम यूज्ड टू इट नाऊ' किंवा 'आय हॅव गॉट यूज्ड टू इट'. मराठीत या शेवटच्या दोन्हींसाठी आपण 'आता सवय झालीय' एवढंच म्हणतो आणि परीक्षेतही अशा ठिकाणी बहुधा दोन्ही उत्तरं चालतात. आणि पुण्याच्या दिवसांबद्दल तो सांगेल, 'आय यूज्ड टू ड्राइव्ह ऑन द लेफ्ट.' इथे 'ड्राइव्ह', वर 'ड्रायव्हिंग'.

यातून आणखी एक गोष्ट दिसते. 'बी' आणि 'गेट' सगळ्या काळांत फिरतात: होते, आहे, होईल, झालं. एकटा 'यूज्ड टू' मात्र भूतकाळात अडकलेला आहे, तो तिथून हलत नाही.

पेपरमध्ये बसल्यावर: 'काय संपलं?'

आता प्रत्यक्ष वाक्यं बघू. खूण म्हणून शब्द पाठ करायची पद्धत असते: 'नो लाँगर' दिसलं की 'यूज्ड टू' लिहा. ती किती फसवी आहे बघा.

पहिलं वाक्य: 'आशा नो लाँगर वर्क्स अ‍ॅट नाइट.'
दुसरं वाक्य: 'आशा नो लाँगर फाइंड्स इट हार्ड टू वर्क अ‍ॅट नाइट.'

दोन्हीकडे 'नो लाँगर' आहे, दोन्हीकडे रात्रीचं काम आहे आणि दिलेला शब्द दोन्हीकडे 'यूज्ड' आहे. भरायची जागाही तीच: 'आशा ______ अ‍ॅट नाइट.' पण पहिल्याचं उत्तर 'यूज्ड टू वर्क' आणि दुसऱ्याचं 'इज यूज्ड टू वर्किंग'. ठरवायचं कसं? स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: काय संपलं? पहिल्या वाक्यात काम संपलं. आशा आता रात्री घरी झोपते. दुसऱ्या वाक्यात काम चालूच आहे, संपला तो त्रास. काम संपलं असेल तर 'यूज्ड टू', त्रास संपला असेल तर 'बी यूज्ड टू' आणि त्रास अजून संपायच्या वाटेवर असेल तर 'गेट यूज्ड टू'. सुरुवातीचा तो उमेदवार काम संपल्याचं वाक्य बोलून गेला, सांगायचं होतं त्रास संपल्याचं.

आता जरा अवघड वाक्य घेऊ.

'इट टुक मीना अ लाँग टाइम टू फील कम्फर्टेबल लिव्हिंग अलोन.'
दिलेला शब्द: 'यूज्ड'
'इट टुक मीना अ लाँग टाइम ______ अलोन.'

अर्थ असा, की एकटं राहणं सरावाचं व्हायला मीनाला बराच वेळ लागला. काय संपलं? एकटं राहणं संपलेलं नाही, म्हणजे नुसता 'यूज्ड टू' बाद. त्रास संपला, पण वाक्य बोलतंय ते संपायला लागलेल्या वेळाबद्दल. 'वेळ लागला' म्हणजे प्रवास, म्हणजे 'गेट'. आता जोडणी. 'टाइम'च्या पुढे 'टू' हवा, कारण 'वेळ लागला काय करायला?' हे सांगायचंय. त्यापुढे 'गेट यूज्ड टू'. आणि शेवटी 'राहण्याची', म्हणजे 'लिव्हिंग'. उत्तर: 'टू गेट यूज्ड टू लिव्हिंग'. बरोबर पाच शब्द, मर्यादेच्या काठावर.

या उत्तरात दोन 'टू' आहेत आणि चूक तिथेच होते. दोनदा 'टू' आल्यावर काहीतरी चुकलंय असं वाटून मुलं एक खोडतात आणि 'टू यूज्ड टू लिव्ह' असलं काहीतरी उरतं. पण ते दोन 'टू' दोन जातींचे आहेत. पहिल्याच्या पुढे साधं 'गेट' आलं, दुसऱ्याच्या पुढे 'लिव्हिंग' आलं. दोघांची कामं वेगळी, म्हणून दोघंही हवेत. 'टू गेट यूज्ड टू लिव्ह' लिहिलं तरी सगळं जात नाही. या प्रश्नांचे दोन गुण उत्तराच्या दोन तुकड्यांना वाटून दिलेले असतात, त्यामुळे पहिला तुकडा बरोबर असेल तर एक गुण हाताला लागू शकतो.

शेवटचं वाक्य नकाराचं. 'देअर वॉज नो ट्रॅफिक ऑन धिस रोड बिफोर.' दिलेला शब्द या वेळी 'यूज', शेवटचा 'ड' नसलेला. 'देअर ______ एनी ट्रॅफिक ऑन धिस रोड.' दिलेला शब्द बदलता येत नाही, त्यामुळे 'ड' गायब असणं हीच मोठी सूचना आहे. 'डिड' किंवा 'डिडन्ट' आला, की भूतकाळ त्याने उचलला आणि 'यूज्ड'चा 'यूज' झाला. जसं 'डिडन्ट वेन्ट' नाही, 'डिडन्ट गो', तसंच हे. उत्तर: 'डिडन्ट यूज टू बी'. मोजले तर चार शब्द दिसतात, पण या परीक्षेत 'डिडन्ट' म्हणजे 'डिड नॉट', दोन शब्द. एकूण पाच. चारच झाले म्हणून मध्ये आणखी एखादा शब्द घातला, तर मर्यादा ओलांडली जाते.

एक मर्यादा इथेच लक्षात ठेवलेली बरी. किती वर्षं किंवा किती वेळा हे मोजून सांगितलं असेल, तर 'यूज्ड टू' सहसा बसत नाही. 'मी तीन वर्षं नाशिकला होतो' हे 'आय लिव्ड इन नाशिक फॉर थ्री इयर्स'. मराठीतही 'मी तीन वर्षं नाशिकला राहायचो' असं आपण म्हणत नाहीच.

आणि तरीही 'इज यूज्ड टू कट' बरोबर कसं?

'बी यूज्ड टू'नंतर 'इंग' हवंच, हे पक्कं केलेल्या मुलाला एक दिवस पुस्तकात वाक्य दिसतं: 'धिस नाइफ इज यूज्ड टू कट ब्रेड.' 'इज' आहे, 'यूज्ड टू' आहे आणि पुढे साधं 'कट'. पुस्तक चुकलं का?

नाही. हा तिसराच 'यूज्ड' आहे, वापरणं या अर्थाचा. या सुरीचा वापर पाव कापायला होतो. साधा कर्मणी प्रयोग. गंमत म्हणजे इथे कान मदत करतो. सवयीचा 'यूज्ड' 'यूस्ट' असा ऐकू येतो, तर वापराचा 'यूझ्ड' असा, मध्ये 'झ'चा गुंजारव असलेला. मोठ्याने म्हणून बघितलं तर फरक लगेच जाणवतो.

सुरीला सवय नसते, त्यामुळे तिथे घोळ होत नाही. घोळ होतो तो सजीवांच्या बाबतीत. 'द डॉग्ज आर यूज्ड टू फाइंड बॉम्ब्स' म्हणजे बॉम्ब शोधायला या कुत्र्यांचा वापर केला जातो. 'द डॉग्ज आर यूज्ड टू फाइंडिंग बॉम्ब्स' म्हणजे या कुत्र्यांना बॉम्ब सापडण्याची सवय झालीय, आता त्यांना त्याचं काही वाटत नाही. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, त्यामुळे व्याकरण तपासून चूक सापडणार नाही. पहिल्या वाक्यात कुत्रे पोलिसांचे आहेत हे उघड आहे. दुसऱ्यातले कुत्रे कुठे राहतात, याची मात्र थोडी काळजी वाटते.